मदत हवी आहे : सॉफ्टवेअर बनवताना वापरलेल्या सेवेचे आगाऊ शुल्क कुठे धरावे?

आमची कंपनी गोदामातील मालसाठ्याचे सॉफ्टवेअर स्वतःच तयार करत असून, इंड एएस ३८ नुसार जुलैपर्यंतचा संशोधन टप्प्यातील पगार आम्ही खर्ची टाकला आणि तांत्रिक शक्यता, निधी वगैरे सर्व अटी १ ऑगस्टला पूर्ण झाल्यावर पुढचा विकासखर्च अमूर्त मालमत्तेत घेत आहोत. आधी खर्ची टाकलेली रक्कम मागाहून भांडवली करता येत नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही. अडचण वेगळीच आहे.

१ ऑक्टोबरला एका क्लाउड सेवेचे वर्षाचे १२ लाख रुपये आगाऊ भरले, त्यातील ६ लाख ३१ मार्चला पूर्वदत्त खर्च म्हणून ताळेबंदात राहतील. उरलेल्या ६ लाखांपैकी प्रोग्रामरांनी केवळ याच कामासाठी वापरलेला भाग थेट संबंधित खर्च म्हणून मालमत्तेत धरावा का, आणि लेखापरीक्षक त्यासाठी वापराची कोणती नोंद मागतात?