सल्ला हवा: बोलून लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनमध्ये औषधांची नावे आणि मात्रा चुकतात, दुरुस्ती कशी करावी?

म्हापशेकर

माझी पत्नी म्हापशात जनरल प्रॅक्टिस करते. रुग्ण समोर असतानाच ती मराठी-इंग्रजी मिश्रित बोलून नोंद सांगते, आणि दवाखान्यातल्याच संगणकावर बसवलेले व्हिस्पर त्याचा मजकूर करते. रुग्णांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही इंटरनेटवरची सेवा मुद्दाम घेतलेली नाही. लक्षणांचा भाग बऱ्यापैकी ठीक उतरतो, पण औषधांच्या ओळींत चुका होतात.

गेल्या आठवड्यात अंगावर पित्त उठलेल्या एका बाईंसाठी तिने ‘हायड्रॉक्सिझिन पंचवीस, झीरो झीरो वन’ असे सांगितले आणि कागदावर आले ‘हायड्रॅलाझिन २५ मिग्रॅ १’. पहिले औषध खाजेचे आणि दुसरे रक्तदाबाचे. सही करताना तिच्या लक्षात आले म्हणून निभावले. याखेरीज ‘वन झीरो वन’ याचे ‘१०१’ होते, आणि एकदा ‘मेटोप्रोलॉल ५’ असे उमटले, जे नेमके काय होते ते दोघांनाही संध्याकाळी आठवेना. औषधांची यादी जोडून या चुका आपोआप दुरुस्त करता येतील का?

कोडवाला_फोंडा

हे फारसे अवघड नाही. तिची नेहमीची औषधे एका फाइलमध्ये घ्या आणि उमटलेला प्रत्येक शब्द यादीतल्या सर्वांत जवळच्या नावाने बदलून टाका. अक्षरांतील अंतर मोजणारी तयार लायब्ररी मिळते. सकाळ-दुपार-रात्रीच्या आकड्यांसाठी ही एक ओळ पुरेल:

```
s = re.sub(r'\b([0-2०-२])([0-2०-२])([0-2०-२])\b', r'\1-\2-\3', s)
```

१०१ चे १-०-१ होईल आणि प्रश्न मिटेल.

शब्दखूण

कोडवाल्यांची यादीची कल्पना योग्य आहे, परंतु ‘बदलून टाका’ हे दोन शब्द धोक्याचे आहेत. हायड्रॅलाझिन हा काही चुकीच्या स्पेलिंगचा शब्द नव्हे, ते एक खरे औषध आहे. ते यादीत असेल तर अंतर शून्य येईल आणि कार्यक्रम समाधानाने पुढे जाईल. यादीत नसेल तर त्याचे हायड्रॉक्सिझिन होईल, जे या बाईंच्या बाबतीत बरोबर ठरेल, पण उद्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून घरी आलेल्या एखाद्या रुग्णाचे तिथे सुरू केलेले हायड्रॅलाझिन पुढे चालू ठेवायचे असेल, तर त्याला खाजेची गोळी लिहून दिली जाईल. मूळ चूक निदान डोळ्यांना खटकते, ‘दुरुस्त’ केलेली चूक खटकतही नाही.

ती एक ओळ कृपया वापरू नका. फेक्सोफेनाडिनची गोळी १२० मिलिग्रॅमची असते, आणि तुमच्या ओळीतून 120 गेले की बाहेर 1-2-0 येते. 100 आणि 200 यांचीही तीच गत होईल.

माझ्या मते आधी एकटा शब्द तपासणे सोडावे. औषधाचे नाव, गोळीची ताकद आणि घेण्याची वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात. प्रत्येक नावापुढे त्या औषधाच्या बाजारात मिळणाऱ्या गोळ्या लिहून ठेवा, म्हणजे अम्लोडिपिनपुढे अडीच, पाच आणि दहा. नाव आणि ताकद यांची जोडी जुळली नाही, तर ती ओळ पिवळी करून थांबायचे.

थांबायचे का, ते तुमच्या मेटोप्रोलॉलवरूनच पाहा. मेटोप्रोलॉलची पाच मिलिग्रॅमची गोळी नसते, पंचवीस, पन्नास, शंभर अशा असतात. म्हणून कोणालाही वाटेल की ‘फिफ्टी’चे ‘फाइव्ह’ ऐकले गेले आणि ५० करून टाकावे. पण मेटोलाझोन नावाचे एक औषध आहे, लघवी वाढवणारे, आणि त्याची गोळी पाच मिलिग्रॅमची असते. म्हणजे आकडा चुकला असेल किंवा नाव चुकले असेल, आणि कागदावरून ते कळण्याचा मार्ग नाही. अशा वेळी दोन्ही पर्याय समोर ठेवावेत, ‘मेटोप्रोलॉल ५०’ आणि ‘मेटोलाझोन ५’, आणि त्यांच्या शेजारी त्या दोन सेकंदांचा आवाज पुन्हा ऐकण्याचे बटण द्यावे. व्हिस्परमध्ये `word_timestamps=True` दिले की प्रत्येक शब्दाची वेळ मिळते, त्यामुळे तेवढाच तुकडा वाजवता येतो. त्यासाठी मूळ आवाज निदान सही होईपर्यंत तरी पुसू नका.

म्हापशेकर

समजले. मग हायड्रॉक्सिझिनच्या ओळीत तुमची जोडी जुळलीच असती ना? दोन्हींच्या पंचवीसच्या गोळ्या आहेत.

शब्दखूण

अगदी बरोबर, आणि म्हणूनच तिसरी गोष्ट लागते. हायड्रॅलाझिन सहसा दिवसातून अनेकदा घ्यावे लागते, फक्त रात्री एकदा हे त्याच्या बाबतीत चमत्कारिक दिसते. पण तुमच्याकडे ‘झीरो झीरो वन’ मधली दोन्ही शून्ये गळून नुसते ‘१’ उरले होते, म्हणजे पकडण्याची जी एक खूण होती तीच पुसली गेली. व्हिस्पर आकडे स्वतःच जोडून देते, तुटक उच्चार तुमच्या हाती येतच नाहीत, त्यामुळे नंतर कितीही हुशार कोड लिहिले तरी गळलेली शून्ये परत येत नाहीत. डॉक्टरांना विनंती करा की ‘रात्री एक’, ‘सकाळी एक, रात्री एक’ असे शब्दांत सांगावे आणि कागदावर छापताना तुमच्या कार्यक्रमाने त्याचे 0-0-1 करावे.

एवढे करूनही ज्या जोड्या नाव आणि ताकद दोन्हींत एकमेकींत मिसळतात, त्यांची छोटी यादी वेगळी ठेवा. त्या यादीतले नाव आले की बाकी सारे जुळले तरी विचारायचेच. यंत्राने दिलेल्या खात्रीच्या आकड्यावर इथे विसंबू नका. चुकीचे पण खरे नाव ते पुष्कळदा मोठ्या खात्रीने लिहिते.

आजगावकर_काका

डॉक्टरांच्या अक्षराबद्दल इथे चर्चा होत आहे हे पाहून बरे वाटले. २०१६ साली नियमात दुरुस्ती होऊन औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे ठरले, तरी आमच्या डॉक्टरांचे अक्षर अजूनही मुंग्यांच्या रांगेसारखे आहे. माझ्या सौभाग्यवतींची थायरॉइडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची आहे आणि चिठ्ठीवर एकदा मिलिग्रॅम असे वाचले गेले. तुम्ही छापील चिठ्ठी देता हेच मोठे काम आहे.

म्हापशेकर

काका, आमचा प्रश्न अक्षराचा नसून ऐकण्यातल्या चुकीचा आहे. परंतु मायक्रोग्रॅमचे बरे आठवण करून दिलेत, ‘मायक्रो’ आमच्याकडेही दोनदा गळले आहे. थायरॉक्सिनपुढे मिलिग्रॅम आले तर ओळ अडवण्याचा नियम आजच घालतो.

काणकोण_फार्मसी

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. हाताने लिहिलेली चिठ्ठी आम्ही संशयानेच वाचतो. काही खटकले तर लगेच फोन करतो. छापील चिठ्ठीवर मात्र नकळत विश्वास बसतो, त्यामुळे यंत्राची चूक आमच्या चाळणीतून अधिक सहज निसटते. तुमचे ‘हायड्रॅलाझिन २५, १’ माझ्याकडे आले असते तर मी बहुधा दिले असते.

दोन गोष्टी सुचवते. औषधाच्या ओळीतच ‘खाजेसाठी’ एवढा एक शब्द छापला तर नाव चुकले तरी आम्हाला विसंगती दिसेल. दुसरे म्हणजे ब्रँडच्या नावामागचे अक्षर. टेल्मा ४० आणि टेल्मा एच यांत एका अक्षराचा फरक आहे, पण दुसऱ्या गोळीत लघवीचे औषधही आहे. तो ‘एच’ गळला तर उरलेले नाव पूर्णपणे बरोबर दिसते, शब्दखूण यांची जोडीही जुळते. तिथे मूळ नावांनी सांगणे हाच उपाय मला दिसतो.

कोडवाला_फोंडा

ती ओळ मागे घेतो, १२० माझ्या ध्यानातच आले नाही. पण मग यादी आधीच व्हिस्परला का देऊ नये? `initial_prompt` मध्ये नावे घातली की ते मुळातच बरोबर ऐकेल.

शब्दखूण

त्याने फरक पडतो, जरूर करा. मात्र त्यातली शेवटची सुमारे २२४ टोकनेच विचारात घेतली जातात आणि देवनागरीला रोमनपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून तिथे अख्खी यादी न घालता वारंवार चुकणारी थोडीच नावे घालावीत. दुसरी बाजू अशी की जे नाव तुम्ही सुचवता, ते न उच्चारतादेखील ऐकू येण्याची शक्यता वाढते. हायड्रॉक्सिझिन घालायचे असेल तर हायड्रॅलाझिनही शेजारी घाला.

मराठी आकड्यांचीही एक गोष्ट राहिली. ‘सात’ आणि ‘साठ’ यांची अदलाबदल जोडीच्या तपासणीत बहुधा सापडते, कारण डिल्टियाझेमची साठची गोळी असते, सातची नसते. अधिक वाईट आहे ते ‘अडीचशे’ मधले ‘शे’ गळणे, कारण त्याने मात्रा शंभरपटीने बदलते. ‘अडीच’, ‘दीड’, ‘सव्वा’ हे शब्द आले की ओळ नेहमीच पिवळी व्हावी. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून त्या नावापुढे वाराचे नाव नसेल तर चिठ्ठी छापूच नये.

म्हापशेकर

बारा दिवसांनी कळवतो आहे. तिच्या जुन्या नोंदींतून यादी केली आणि नावापुढे ताकदी लिहिल्या. दवाखान्यावर मंगळुरी कौले असल्याने पाऊस जोरात आला की आवाजात निम्मा पाऊसच येत असे, म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक घेतला, त्याने रुग्णाचे मधले कोंकणी बोलणे मजकुरात शिरणेही कमी झाले. ‘रात्री एक’ म्हणण्याची सवय तिला तीन दिवसांत लागली, आणि १०१ पुन्हा दिसले नाही.

अडचण पिवळ्या ओळींची आहे. पहिल्या दिवशी इतक्या ओळी पिवळ्या झाल्या की ती न वाचताच ‘ठीक’ दाबू लागली. त्यातल्या बऱ्याच ओळी, नाव देवनागरीत एकदा ‘झिन’ आणि एकदा ‘झीन’ असे उमटल्यामुळे अडत होत्या. ऱ्हस्व-दीर्घ एक धरल्यावर संख्या उतरली. तरी शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, गर्दीत तिचा हात आपोआप बटणावर जातो. मी ‘ठीक’चे बटण काढून दोन नावांपैकी एकावर बोट ठेवायला लावले आहे. तिला ते जाचक वाटते.

‘खाजेसाठी’ हा शब्द छापायला ती तयार आहे, पण सर्वच औषधांपुढे कारण लिहिणे तिला मान्य नाही, कारण चिठ्ठी घरात इतरांच्याही हाती पडते.

काणकोण_फार्मसी

तिचे म्हणणे मला पटते. मग निदान शब्दखूण यांच्या त्या छोट्या यादीतल्या औषधांपुढे तरी कारण छापा. आणि रुग्ण हरकत घेईल असे औषध त्या यादीत असेल, तर तिथे दुकानाला फोन करा म्हणून आपला क्रमांक ठळक छापा.