स्ट्रँगल्स झालेली घोडी तबेल्यात परत कधी आणावी?

खानदेशी_स्वार: सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेल्या घोडीला आल्यावर ताप आला, नाकातून पिवळा शेंबूड, मग जबड्याखाली गळू होऊन फुटलं. पुवात स्ट्रँगल्सचा जंतू स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय निघाला, ग्लँडर्सची तपासणी निगेटिव्ह. शेतावर वेगळी बांधली आहे. आता जखम भरली, खाणं उत्तम, नाकाच्या स्वॅबमध्येही जंतू नाही. तबेल्यात तीन घोडे आहेत. आणू का?

रिकीब: ताप उतरून तीन आठवडे झाले असतील तर आणा. आम्ही तसंच केलं, काही झालं नाही.

अश्ववैद्य: बहुतेक घोडे तेवढ्या काळात जंतू टाकायचे थांबतात, हे रिकीब यांचं बरोबर. पण साधारण दहातला एक थांबत नाही. घशामागच्या गाठी फुटल्या की पू घशाशेजारच्या हवेच्या पिशवीत, म्हणजे गटरल पाउचमध्ये, उतरतो. तिथून निचरा नीट होत नाही, तळाशी पू राहतो, सुकून खडेही बनतात. असा घोडा वरून ठणठणीत दिसतो आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, अधूनमधून जंतू सोडतो. म्हणून नाकाच्या एका स्वॅबवर विसंबू नका.

बरी झाल्यानंतर निदान तीन आठवडे जाऊ द्या. मग दुर्बिणीने दोन्ही पाउच आतून पाहायचे, सलाइनने धुवायचे आणि ते पाणी पीसीआर व कल्चरला पाठवायचं. माझ्याकडच्या एका घोड्याचे आठवड्याच्या अंतराने घेतलेले घशाचे तिन्ही वॉश निगेटिव्ह होते. दुर्बीण घातली तर उजव्या पाउचमध्ये खडे. ते जाळीने काढले, आत जिलेटीनमधून पेनिसिलीन भरलं. पुढच्या तपासणीत स्वच्छ निघाल्यावरच सोडला.

शिंगरूवाली: आमच्या शिंगराची गाठ कडक आहे, फुटतच नाही. पेनिसिलीन सुरू करू?

अश्ववैद्य: ताई, ताप नसेल, खात असेल, तर गरम शेक द्या आणि पिकू द्या. गाठ धरल्यावर औषध दिलं तर पिकणं लांबतं. मात्र श्वासाला घरघर आली किंवा गिळता येईना, तर लगेच डॉक्टरांना बोलवा, वाट पाहू नका.

खानदेशी_स्वार: इथे दुर्बीण कुणाकडे नाही. तिन्ही वॉश केले तर चालेल?

अश्ववैद्य: नाइलाजाने. खात्री कमी राहते, तुम्ही वर वाचलंतच. रेसच्या घोड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना विचारून पाहा, काहींकडे नेता येणारी दुर्बीण असते. तोवर बादली, खरारा, मोरखी वेगळी आणि मोतद्दाराने तिचं काम सर्वांत शेवटी करायचं. पाण्यात हा जंतू आठवडेच्या आठवडे टिकतो. बाकी तिघांचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजा. ताप आधी चढतो, जंतू एक-दोन दिवसांनी बाहेर पडू लागतात, तेवढ्यात वेगळा करता येतो.

रिकीब: आमच्या ओळखीत एकाचा पीसीआर पॉझिटिव्ह, कल्चर निगेटिव्ह आलं. मग काय समजायचं?

अश्ववैद्य: मेलेल्या जंतूचा अंशही पीसीआर पकडतो, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. मी असा घोडा वेगळाच ठेवून पाउच पुन्हा तपासतो. काही सहकारी कल्चरवर सोडतात.

खानदेशी_स्वार: पुण्याला फोन केला, दुर्बिणीचं विचारून कळवतो म्हणाले. घोडी शेतावरच आहे.