व्हेंडरचा सॉक-२ रिपोर्ट ‘क्लीन’ आहे, मग फाइलला लावून मोकळं व्हायचं का?

कर्जखातं: आमची रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत टियर ३ मधली नागरी सहकारी बँक. कर्जाच्या अर्जांसाठी क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घेतोय. व्हेंडरने सॉक-२ टाइप-२ रिपोर्ट दिलाय, म्हणजे त्याचे सुरक्षेचे कंट्रोल ठरावीक काळात नीट चालले का ते बाहेरच्या ऑडिटरने तपासल्याचा अहवाल; कालावधी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२४. ऑडिटरचं मत क्लीन आहे. आमचे आयटी प्रमुख म्हणतात, फाइलला लावा, पुढे चला. मला ते पटत नाही, पण नेमकं काय खटकतंय तेही सांगता येत नाही. तुम्ही असल्या रिपोर्टवर किती विसंबता?

ठोकून_बघ: अजिबात नाही. ऑडिटर नेमला व्हेंडरने, फी दिली व्हेंडरने, कंट्रोल कुठले ठेवायचे तेही व्हेंडरनेच ठरवले. आपली माणसं पाठवा, सर्व्हर बघा, मग सही करा.

ऑडिटवाली: सर्व्हर बघायला कुठे पाठवणार? व्हेंडर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर असेल तर तिथल्या डेटा सेंटरमध्ये तुमच्या माणसाला दारातही उभं करणार नाहीत. फी व्हेंडर देतो हे खरं, पण कंपनीच्या ताळेबंदाच्या ऑडिटचीही फी कंपनीच देते, तरी आपण तो वाचतोच ना. रिपोर्ट टाकाऊ नसतो. लोक त्याची पहिली दहा पानं वाचून थांबतात, गडबड तिथे होते.

कर्जखातं, तुम्ही चौथ्या विभागापासून वाचा. तिथे प्रत्येक कंट्रोलसमोर ऑडिटरने काय तपासलं आणि काय निघालं ते लिहिलेलं असतं. मत क्लीन असूनही आत अपवाद, म्हणजे कंट्रोल न पाळल्याच्या नोंदी, असू शकतात. बाकीचे कंट्रोल ती चूक सावरून घेतात असं ऑडिटरला वाटलं, तर मत क्लीनच राहतं. तुमच्या बँकेला ती चूक चालेल का, हे त्याने बघितलेलंच नसतं. जे निघेल ते इथे सांगा. व्हेंडरचं नाव आणि पानांचे फोटो मात्र टाकू नका, हे रिपोर्ट ठरावीक वाचकांपुरतेच असतात.

कर्जखातं: वाचलं. दोन गोष्टी दिसल्या. नोकरी सोडलेल्या माणसाचा अ‍ॅक्सेस २४ तासांत बंद करायचा, असा कंट्रोल आहे. २५ जण तपासले. त्यातल्या दोघांचा उशिरा बंद झाला, एकाचा ६ दिवसांनी, दुसऱ्याचा ११. पाचव्या विभागात व्हेंडर म्हणतो, त्या दोघांनी मधल्या काळात लॉगिन केलेलं नाही. दुसरी गोष्ट, बॅकअपमधून डेटा परत आणण्याची वार्षिक चाचणी. तिथे लिहिलंय की या कालावधीत ती झालीच नाही, म्हणून तपासता आली नाही.

पुणे_स्टार्टअप: बघा, म्हणजे दोनच! ते ऑडिट आमच्या छोट्या कंपनीने नुकतंच पार पाडलंय. ऑडिटर स्क्रीनशॉट मागून मागून जीव काढतो. त्यानंतरही प्रत्येक ग्राहक आपली ३०० प्रश्नांची एक्सेल पाठवतो, उत्तरं सगळी रिपोर्टमध्येच असताना. दोन उशिरांवरून एवढा ऊहापोह करणार असाल तर कोणी प्रामाणिकपणे अपवाद दाखवणारच नाही.

ऑडिटवाली: एक्सेलबद्दल पूर्ण सहमत. पण ते ‘दोनच’ २५ पैकी आहेत. यादृच्छिक नमुना धरला, तर २५ मध्ये २ चुका म्हणजे खरं प्रमाण १ टक्काही असू शकतं आणि २६ टक्केही, ९५ टक्के विश्वासपातळीवर. एवढ्या लहान नमुन्यातून त्याहून जास्त काही सांगता येत नाही. शिवाय ऑडिटर बहुधा सांख्यिकी नमुना घेत नाहीत, त्यामुळे हा आकडासुद्धा अंदाजापुरताच.

मला आकड्याहून मोठा प्रश्न वाटतो तो यादीचा. ते २५ जण कुठल्या यादीतून निवडले? सोडून गेलेल्यांची यादी बहुतेक वेळा एचआरच्या सिस्टिममधून येते. कंत्राटी माणसं त्या सिस्टिममध्ये नसतात, ती पुरवठादार एजन्सीच्या हजेरीवर असतात. प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावणारा सपोर्टचा माणूस कंत्राटी असेल, तर तो नमुन्यात येणं शक्यच नाही. यादी पूर्ण आहे हे कसं तपासलं, ते चाचणीच्या वर्णनात बघा. नसेल तर व्हेंडरला सरळ विचारा. ‘लॉगिन केलेलं नाही’ हे वाक्य पाचव्या विभागात आहे, म्हणजे ते व्हेंडरचं म्हणणं आहे. त्या विभागावर ऑडिटर मत देत नाही. लॉग मागा.

ठोकून_बघ: म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

ऑडिटवाली: नाही आले. तुम्ही रिपोर्ट फेकायला सांगत होता. काय विचारायचं ते मला त्या रिपोर्टमुळेच कळलं.

क्लाउड_गणेश: बॅकअपची एवढी काय चिंता? एडब्ल्यूएसचा स्वतःचा सॉक रिपोर्ट त्यांच्या आर्टिफॅक्ट पोर्टलवरून घेता येतो. दोन्ही रिपोर्ट जोडले की सगळं कव्हर झालं.

ऑडिटवाली: अर्धं बरोबर. व्हेंडरच्या रिपोर्टमध्ये एडब्ल्यूएस वगळलेलं असेल, तर इमारत, वीज, डिस्क यांसाठी तो दुसरा रिपोर्ट लागतोच. पण बॅकअप कुठल्या डेटाबेसचा, दिवसातून किती वेळा, आणि तो परत उभा राहतो का, हे व्हेंडरचं काम. एडब्ल्यूएसचा ऑडिटर तिकडे बघतही नाही. दोन रिपोर्टच्या मधली ही जागा इथे रिकामी आहे, आणि चाचणी ‘झाली नाही’ असल्यामुळे ती अपवादांच्या यादीतही दिसत नाही. अपवाद मोजणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते.

सनदी_नाशिक: व्याजाची आकारणी बरोबर होते का, हे यात आलं का? आमच्या वैधानिक लेखापरीक्षकांनी तोच प्रश्न विचारला होता.

ऑडिटवाली: त्यासाठी सॉक-१ मागा, तो ग्राहकाच्या हिशेबांवर परिणाम करणाऱ्या कंट्रोलचा असतो. सॉक-२ मधून ते धरून चालू नका.

कर्जखातं: व्हेंडरशी बोललो. वार्षिक चाचणी डिसेंबरमध्ये केली म्हणे, रिपोर्टच्या कालावधीनंतर. ऑक्टोबरपासून आजपर्यंतसाठी ब्रिज लेटर देतो म्हणाला.

ऑडिटवाली: ब्रिज लेटर व्हेंडर स्वतः लिहितो, ऑडिटर नाही. ‘मोठा बदल झालेला नाही’ एवढंच त्यात असतं. ते घ्या, पण डिसेंबरची नोंदही मागा: किती डेटा परत आणला, किती तास लागले, परत आलेला डेटा मूळ डेटाशी कोणी ताडून बघितला. करारात सेवा पुन्हा सुरू करायला चार तास म्हटलं असेल आणि नोंदीत नऊ दिसले, तर बोलणी करारावर करायची.

अजून एक. ग्राहकाने काय करायचं त्याची यादी रिपोर्टमध्ये असेल: दुहेरी पडताळणी चालू करणं, आपले वापरकर्ते ठरावीक काळाने तपासणं, गेलेल्यांचे आयडी बंद करणं. व्हेंडरचे कंट्रोल ती यादी पाळली जातेय असं धरूनच आखलेले असतात. शाखाधिकाऱ्याची बदली झाली की त्याचा आयडी तुमच्याकडे कोण बंद करतं?

कर्जखातं: आदेश एचआरकडे निघतो. आयटीला कळवण्याची ठरलेली पद्धत नाही.

ठोकून_बघ: रिझर्व्ह बँकेचं काय मग? आयटी आउटसोर्सिंगचे तिचे नियम टियर ३ ला लागू आहेत.

ऑडिटवाली: आहेत. जोखीम बघून, स्वतंत्र ऑडिटऐवजी, जागतिक मान्यतेच्या तृतीय पक्षाच्या प्रमाणपत्रांवर विसंबायला ते मुभा देतात, पण बँकेची जबाबदारी सुटत नाही हेही त्यातच लिहिलंय. सॉक-२ हे काटेकोरपणे प्रमाणपत्र नाही, तरी लोक ते त्यातच धरतात. तपासणीला आलेला अधिकारी किती ताणेल, त्यावर माझं ठाम मत नाही.

ठोकून_बघ: मी तरी करारात स्वतःच्या ऑडिटचा हक्क घालूनच घेईन.

पुणे_स्टार्टअप: घाला. पण त्याचा खर्च कोणी द्यायचा तेही त्याच कलमात लिहा, नाहीतर तो आमच्यासारख्यांच्या माथी.

कर्जखातं: लॉग, कंत्राटी लोकांची यादी आणि डिसेंबरची नोंद, तिन्ही मेलने मागितलंय. आयटी प्रमुखांचं म्हणणं, व्हेंडर दुसऱ्या बँकेकडे निघून जाईल.