इंग्लंडात रेल्वेचं तरुणांचं कार्ड: नोव्हेंबरात २६ पूर्ण होतील, कोणतं घेऊ?

लातूरची_लेक: सप्टेंबरात मास्टर्ससाठी लीड्सला जायलेय. तिकडं १६-२५ रेलकार्ड अन् २६-३० रेलकार्ड अशी दोन आहेत म्हणे. मला १४ नोव्हेंबरला २६ पूर्ण होतात. कोणतं काढू? आणि आधार चालतं का?

उदगीरचा_पोरगा: थांब नोव्हेंबरपर्यंत. १६-२५ वाढदिवसाला बंद पडतं, दोन महिन्यांसाठी ३५ पौंड कशाला घालायचे. आधार चालत नाही, पासपोर्ट लागतो.

नांदेड_ते_शेफील्ड: पासपोर्टचं बरोबर, पण बंद पडतं हे चूक. वय फक्त काढायच्या दिवशी बघतात. २६व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी काढलं तरी पुढं वर्षभर चालतं. तीन वर्षांचं कार्ड मात्र २४ व्हायच्या आत लागतं, ते तुझं हुकलं. तू गेल्या गेल्या एक वर्षाचं १६-२५ काढ, ऑनलाइन काढताना पासपोर्ट नंबर अन् फोटो टाकायचा. ते संपलं की २६-३०, किंमत तीच अन् सूटही तीच, एक तृतीयांश.

परभणीकर_काका: पुतणीच्या एसटी पासला बोनाफाईडसाठी तीन चकरा झाल्या कॉलेजात. पोरी, तिकडचं बोनाफाईड आधीच मागवून ठेव.

नांदेड_ते_शेफील्ड: काका, २६च्या आत शिकत असो नसो, वयावरच मिळतं. कॉलेजचा कागद २६च्या पुढच्या फुलटाइम विद्यार्थ्याला १६-२५ पाहिजे असलं तरच लागतो.

लातूरची_लेक: बरं झालं विचारलं. मी ब्रॅडफर्डला मावसबहिणीकडं राहायचं म्हणतेय, रोज सकाळी नऊचं लेक्चर. रोजच्या तिकिटाला लागू होईल ना?

नांदेड_ते_शेफील्ड: इथंच खरी मेख आहे. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा किमान भाडं १२ पौंड. समज तिकीट १५चं आहे, तर सूट धरून १० व्हायला पाहिजे पण १२ द्यावे लागतात, आणि मूळ तिकीटच १२च्या आत असलं तर एक पैसा कमी होत नाही. दहानंतर अन् शनिवार-रविवारी ही अट नाही. १६-२५ला जुलै-ऑगस्टातही नाही, २६-३०ला मात्र बारा महिने आहे. तुझं लीड्स-ब्रॅडफर्ड जवळचं, सकाळी काही उपयोग नाही. आठवड्याच्या सीझन तिकिटावर पण सूट मिळत नाही. लंडनला वगैरे जाशील तेव्हा दोन-तीन खेपांत पैसे वसूल होतात.

आणि मोबाईल चार्ज ठेव. माझी बॅटरी गेलती, टीसीला कार्ड दाखवता आलं नाही, तिकीट खरं असून पूर्ण भाडं भरलं. नंतर अर्ज करून परत मिळालं, पण ही सवलत वर्षात एकदाच. कार्ड दोन फोनवर टाकता येतं, टाकूनच ठेव.

उदगीरचा_पोरगा: वाढदिवसाचं माझं चुकलं, मित्रानं तसं सांगितलतं. मग रोजचं जाणं बसनं परवडंल का?

लातूरची_लेक: तेच बघायलेय आता. हॉस्टेलचं भाडं जास्त, बहिणीकडं राहिलं तर रोजचं तिकीट. ब्रॅडफर्डहून रोज येणारं कुणी आहे का इथं, महिन्याला किती जातात?