शब्दचर्चा : ‘चांद्रवेळ’ की ‘चांद्रकाल’?

पानफूल : विज्ञानविषयक लेखाचा अनुवाद करते आहे. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय कार्यालयाने नासाला २०२६ अखेरपर्यंत चंद्रासाठी कालमापनाची पद्धत ठरवायला सांगितलं. तिचं नाव कोऑर्डिनेटेड ल्यूनर टाइम, म्हणजे एलटीसी. मी ‘चांद्रवेळ’ लिहिलं, पण मन भरत नाही.

संकष्टी_९वाजता : चंद्रोदयाची वेळ गावागणिक बदलते, मुंबईची नागपूरला चालत नाही. कोणत्या गावाची हवी ते सांगा.

पानफूल : तेच तर दुखणं आहे! ‘चांद्रवेळ’ म्हटलं की वाचक ताट वाढून चंद्राची वाट बघायला लागतो.

मध्यान्ह : आणि ‘चांद्रदिन’ तर अजिबात नको. पंचांगात चांद्र दिवस म्हणजे तिथी, चांद्रमासाचा तिसावा भाग. चंद्रावर उभं राहिलं तर एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत साधारण साडेएकोणतीस पृथ्वी-दिवस जातात. चांद्रयान-३च्या बातम्यांत ‘एक चांद्र दिवस’ म्हणजे फक्त उजेडाचे चौदा दिवस होते. एकाच शब्दाला तीन अर्थ झाले. एलटीसीचा या तिन्हींशी संबंध नाही. प्रश्न चंद्रावर कधी उजाडतं हा नाही, तिथलं घड्याळ किती वेगाने चालतं हा आहे.

सोपानराव : सोपं आहे. चंद्रावर गुरुत्व एक षष्ठांश, म्हणून घड्याळ पुढे पळतं.

मध्यान्ह : निष्कर्ष बरोबर, कारण अर्धंच. घड्याळ किती ओढलं जातं याने फरक पडत नाही, ते गुरुत्वाच्या खड्ड्यात किती खोल बसलंय याने पडतो. वजन एक षष्ठांश भरतं, पण चंद्राचा खड्डा पृथ्वीच्या खड्ड्याच्या बाविसाव्या भागाइतकाच खोल आहे.

हिशेब करून बघा. पृथ्वीपासून खूप दूर, स्थिर असलेल्या घड्याळाच्या तुलनेत भूपृष्ठावरचं घड्याळ दिवसाला ६०.२ मायक्रोसेकंद मागे पडतं. चंद्रावरचंही मागे पडतं, पण थोडंच : चंद्राच्या स्वतःच्या गुरुत्वामुळे २.७, तिथवर पोचणाऱ्या पृथ्वीच्या गुरुत्वामुळे साधारण १, आणि चंद्र सेकंदाला किलोमीटरभर वेगाने फिरतो म्हणून अर्धा. ६०.२ मधून हे ४.२ गेले की उरतात ५६. चंद्रावरचं घड्याळ रोज एवढं पुढे.

पानफूल : पण माझ्या लेखात ५८.७ आहे. छापायची चूक?

मध्यान्ह : नाही. ५८.७मध्ये चंद्राच्या स्वतःच्या गुरुत्वाचे २.७ वजा केलेले नाहीत. तो आकडा टीसीएलचा, म्हणजे ल्यूनर कोऑर्डिनेट टाइमचा. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ऑगस्ट २०२४मध्ये त्याचा ठराव केला. अनुवादात खरी गफलत इथेच होते. एलटीसीतलं ‘कोऑर्डिनेटेड’ म्हणजे जुळवून घेतलेलं, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेसारखं : समन्वित. टीसीएलमधलं ‘कोऑर्डिनेट’ म्हणजे गणितातला निर्देशक, शाळेतल्या निर्देशक भूमितीतला. दोन्हीकडे ‘समन्वित’ लिहिलंत तर ५६ आणि ५८.७ यांचा घोळ वाचकाला कधीच सुटणार नाही.

सोपानराव : ५६ मायक्रोसेकंदांनी काय बिघडतं? एक सेकंद साठायला एकोणपन्नास वर्षं लागतील.

मध्यान्ह : गाडी पकडायची असेल तर काहीच नाही. पण प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. ५६ गुणिले ३००, म्हणजे दिवसाला जवळजवळ सतरा किलोमीटर. मात्र हा आकडा सरसकट ठोकू नका. तिथली सगळी घड्याळं एकाच चालीने पुढे गेली तर त्यांच्यातल्या त्यांच्यात काही चुकत नाही. एका यानाने पृथ्वीची वेळ धरली, दुसऱ्याने चंद्रावरची, आणि संदेशाला लागलेल्या वेळावरून अंतर काढलं, की उतरण्याची जागा सरकते.

पानफूल : मग ‘चांद्र सेकंद’ हा शब्द चालेल का?

मध्यान्ह : तो नकोच. सेकंद तोच, सिझियमच्या अणूवरून ठरलेला. तिथे उभ्या माणसाला घड्याळ ठीकच वाटतं, फरक दोन घड्याळं ताडून पाहिल्यावर दिसतो. म्हणून ‘पुढे पळतं’ हेही मला खटकतं. मराठीत पुढे पळणारं घड्याळ म्हणजे बिघडलेलं.

सोपानराव : बरं, ‘पृथ्वीच्या मानाने जलद चालतं’ म्हणू. पण तिथलं घड्याळ मुद्दाम हळू लावून यूटीसीला जुळवलं तर?

मध्यान्ह : तोही मार्ग आहे. पण मग त्या वेळेचा सेकंद तिथल्या अणुघड्याळाच्या सेकंदाशी जुळत नाही. चाल तशीच ठेवायची आणि यूटीसीशी असलेला फरक कळवत राहायचा, हा दुसरा मार्ग. मला दुसरा पटतो. वाद मिटलेला नाही.

पानफूल : मग टीसीएलला ‘चांद्र निर्देशक काल’ आणि एलटीसीला ‘समन्वित चांद्र वेळ’. गणिती राशीला काल, घड्याळात दिसते ती वेळ.

मध्यान्ह : निर्देशक काल मान्य. दुसऱ्यात ‘चांद्र’ऐवजी ‘चंद्रावरील’ करा, पंचांग मध्ये येणार नाही.

सोपानराव : ‘समन्वित चंद्रावरील वेळ’? हे मराठी आहे का?

संकष्टी_९वाजता : नागपूरची वेळ मिळाली नाही अजून.