एक किलो पेढ्यांना दूध किती?

"घरी १ किलो पेढे करायचेत. खव्यासाठी दूध किती आटवू?"

ताई, आमच्याकडे धुळ्याला म्हशीचंच दूध आटवतात. त्याच्या लिटरमागे साधारण २०० ग्रॅम खवा पडतो, गाईच्या दुधाचा १७०-१८०. किलोभर पेढ्यांना ८०० ग्रॅम खवा आणि २५० ग्रॅम साखर धरा, परतताना थोडं वजन उडतंच. म्हणजे म्हशीचं ४ लिटर, गाईचं साडेचार. बर्फीलाही हेच माप चालतं.

लिटरमागे २५० ग्रॅम भरला तर खूश होऊ नका, खव्यात पाणी राहिलंय. साखर पडली की तो आणखी सैल होतो आणि वळलेले पेढे ताटात पसरतात. माझी पहिली खेप अशीच गेली, शेवटी चमच्याने खाल्ली! खवा कढईची कड सोडून गोळा होऊ लागला, की उतरवा.