मदत हवी आहे: सल्फर 'पीएच'ने लिहायचं की 'एफ'ने?

मुलगी दहावीपर्यंत एनसीईआरटीची पुस्तकं वाचत होती, आता केंब्रिजच्या आयजीसीएसईला बसतेय. जुन्या पुस्तकात सल्फरचं स्पेलिंग 'पीएच'ने, नव्या अभ्यासक्रमात 'एफ'ने. तिला वाटलं 'एफ' म्हणजे अमेरिकन, म्हणून अ‍ॅल्युमिनियममधला शेवटचा 'आय'सुद्धा गाळायला लागली. तिथे मी थांबवलं. आययूपीएसीने 1990 साली 'एफ'वालं सल्फर ठरवलं, पण अ‍ॅल्युमिनियमचा 'आय' कायम ठेवला. केंब्रिजमध्येही हीच जोडी दिसते. 'आय' गाळलेलं रूप अमेरिकेत चालतं.

आता खरा प्रश्न. सल्फेट ओळखण्याच्या चाचणीत तिने विरल नायट्रिक आम्ल, मग बेरियम नायट्रेट, पांढरा साका, सगळं बरोबर लिहिलं. फक्त सल्फेट 'पीएच'ने. शिकवणीच्या सरांनी अर्धा गुण कापला. माझ्या माहितीप्रमाणे केंब्रिजची गुणदान पद्धत अर्थ स्पष्ट असेल तर स्पेलिंगसाठी गुण कापत नाही. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड यांत गोंधळ झाला, तर मात्र कापते. तिथे एका अक्षराने पदार्थच बदलतो, त्यामुळे ते रास्तच आहे.

कुणी या बोर्डाचे पेपर तपासले असतील तर सांगा: एकाच उत्तरात दोन्ही स्पेलिंगं आली तर परीक्षक काय करतात? आणि शब्दाऐवजी SO₄²⁻ लिहिलं तर चालतं का, की प्रश्नात 'नाव लिहा' असेल तर नावच हवं?